घटक ६ : निमंत्रणपर सूचनापत्र – ज्येष्ठ रहिवाशांसाठी आरोग्य तपासणी शिबिर

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• सूचना आणि निमंत्रण यांतील भाषिक फरक स्पष्ट करता येईल.
• सूचनापत्रातील द्व्यर्थी आणि संदिग्ध शब्दप्रयोग ओळखता येतील.
• वेळ, पूर्वतयारी आणि सोबत आणावयाच्या वस्तू यांविषयीचा मजकूर नेमकेपणाने लिहिता येईल.
• गृहनिर्माण संस्थेतील ज्येष्ठांसाठी आरोग्य तपासणी शिबिराचे निमंत्रणपत्र तयार करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात तुम्ही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेचा अभ्यास केला. त्या सूचनेत एखादा शब्द सैल राहिला, तर फार तर सभेत वाद होतो. प्रस्तुत घटकात आपण ज्या लेखनाचा विचार करणार आहोत, त्यात शब्द सैल राहिला तर त्याचा परिणाम वाचणाऱ्याच्या शरीरावर होऊ शकतो. ज्येष्ठ नागरिकांना मोफत आरोग्य तपासणी शिबिराला बोलावणारे पत्र हे वरवर पाहता अगदी साधे लेखन आहे. कोण, कोठे, केव्हा आणि काय घेऊन, एवढेच त्यात सांगायचे असते. परंतु या पत्राचा वाचक सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा असतो, तो रोज काही औषधे घेत असतो आणि पत्रात जे लिहिले आहे ते तो शब्दशः पाळतो. म्हणून येथे मराठीतील काही नेहमीचे शब्दप्रयोग फार जपून वापरावे लागतात. ते कोणते, हे आपण एका प्रत्यक्ष मसुद्याच्या आधारे पाहू.

६.३ विषयविवेचन

६.३.१ सूचना आणि निमंत्रण

सूचना माहिती देते आणि अनेकदा बंधनही घालते. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना वाचकाच्या इच्छेवर अवलंबून नसते. निमंत्रणात मात्र वाचक येण्यास किंवा न येण्यास मोकळा असतो, आणि त्याने यावे अशी लिहिणाऱ्याची इच्छा असते. शिबिराच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बोलावणे हे निमंत्रण असते आणि पूर्वतयारी ही सूचना असते. त्यामुळे पत्राच्या सुरुवातीचा सूर आर्जवाचा आणि मधल्या भागाचा सूर स्पष्ट सांगण्याचा असावा लागतो.

क्रियापदाचे रूप हा सूर ठरवते. ‘या’, ‘आणा’ ही आज्ञार्थी रूपे घरगुती बोलण्यात गोड वाटतात, परंतु संस्थेच्या पत्रात वडीलधाऱ्यांना उद्देशून ती थोडी रोकडी वाटतात. ‘यावे’, ‘आणावे’, ‘घेऊ नये’ ही विध्यर्थी रूपे आदर राखतात आणि सूचनाही ठामपणे देतात. याउलट ‘आयोजित करण्यात आलेले आहे’, ‘कळविण्यात येत आहे’ अशा कार्यालयीन रचनांमुळे कर्ता दिसेनासा होतो. शंका आल्यास कोणाला विचारायचे, हे वाचकाला कळत नाही. ‘संस्थेने शिबिर आयोजित केले आहे’ असे सरळ वाक्य येथे अधिक उपयोगी पडते.

निमंत्रण कोणाला आहे, हेही काटेकोरपणे लिहावे लागते. ‘सर्व ज्येष्ठ सभासदांस’ असे संबोधन सवयीने लिहिले जाते. सहकारी संस्थेत ‘सभासद’ या शब्दाला कायदेशीर अर्थ आहे. ज्याच्या नावे संस्थेचे भाग असतात तो सभासद. मुलाच्या सदनिकेत राहणारी आई, लेकीकडे राहणारे वडील, भाडेकरू दांपत्य हे बहुधा सभासद नसतात. ‘सभासद’ हा शब्द वाचून ही मंडळी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून घरी बसतील. म्हणून येथे ‘ज्येष्ठ रहिवासी’ हा शब्द योग्य होय. वयाची मर्यादाही सांगावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या भारतीय नागरिकाला ज्येष्ठ नागरिक मानले आहे. पत्रात ‘वयाची ६० वर्षे पूर्ण केलेले’ एवढे लिहिले की पुरेसे होते.

६.३.२ एक सदोष मसुदा

पुढील मसुदा काळजीपूर्वक वाचा. अनेक संस्थांच्या सूचनाफलकांवर जसा मजकूर लागतो, तसाच तो आहे.

सूचना
सर्व ज्येष्ठ सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेच्या वतीने येत्या रविवारी सकाळी भव्य मोफत सर्वरोग निदान शिबिर आयोजित करण्यात आलेले आहे. तरी सर्व संबंधितांनी उपवास करून, नेहमीची औषधे घेऊन व आवश्यक त्या कागदपत्रांसह वेळेवर उपस्थित राहावे. उशिरा येणाऱ्यांची तपासणी केली जाणार नाही, याची नोंद घ्यावी.
– आदेशावरून

या मसुद्यात व्याकरणाची चूक नाही. तरीही ज्या कामासाठी तो लिहिला आहे, ते काम तो करीत नाही. त्याच्या प्रत्येक भागाचे दोन-दोन अर्थ होतात. त्यांतील सर्वांत गंभीर जागेपासून आपण सुरुवात करू.

६.३.३ ‘उपवास करून’ आणि ‘औषधे घेऊन’

सकाळची रक्तशर्करा तपासायची असेल, तर रक्त देण्यापूर्वी किमान आठ तास काही खाल्लेले नसावे लागते. हे सांगण्यासाठी मसुद्यात ‘उपवास’ हा शब्द वापरला आहे. परंतु मराठी घरात उपवास म्हणजे काही न खाणे असे क्वचितच असते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळे, केळे, दूध आणि चहा चालतो. साबुदाणा आणि रताळे हे पिष्टमय पदार्थ आहेत. त्यांच्या सेवनाने रक्तातील साखर वाढते. एखाद्या आजींनी पत्रातील शब्द प्रामाणिकपणे पाळला आणि सकाळी वाटीभर खिचडी खाऊन त्या आल्या, तर त्यांचा अहवाल फसवा येईल आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.

‘काही न खाता-पिता यावे’ हा पर्यायही योग्य नाही, कारण त्यात पाणी पिण्यालाही मनाई होते. साध्या पाण्याने या तपासणीत बाधा येत नाही. उलट पाणी न प्यायलेल्या वृद्ध व्यक्तीला गळून गेल्यासारखे होते आणि रक्त काढण्यासाठी शीर सापडणेही कठीण जाते. मराठीत या स्थितीसाठी ‘अनशापोटी’ हा नेमका शब्द आहे. जुन्या पिढीला तो परिचित आहे, कारण वैद्य काढा अनशापोटी घ्यायला सांगत. हा शब्द अवश्य वापरावा. मात्र त्याच्यापुढे त्याचा अर्थही उलगडून लिहावा : ‘शनिवारी रात्री ९ नंतर काही खाऊ नये. चहा, दूध, कॉफी घेऊ नये. साधे पाणी प्यावे.’ तीन छोट्या वाक्यांत कोणतीही शंका उरत नाही.

आता ‘नेहमीची औषधे घेऊन’ हे शब्द पाहा. मराठीत ‘घेणे’ या क्रियापदाचा एक अर्थ सेवन करणे असा आहे आणि दुसरा अर्थ जवळ बाळगणे असा आहे. ‘गोळी घेतली’ म्हणजे गिळली. ‘पिशवी घेतली’ म्हणजे हातात धरली. ‘घेऊन येणे’ या संयुक्त रचनेत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदू शकतात. त्यामुळे ‘औषधे घेऊन उपस्थित राहावे’ याचा अर्थ ‘औषधे सोबत आणावी’ असाही होतो आणि ‘औषधे खाऊन यावे’ असाही होतो. लिहिणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असतो, कारण डॉक्टरांना चालू औषधे पाहायची असतात. वाचणाऱ्याला दुसरा अर्थ लागण्याची शक्यता तेवढीच असते.

याच वाक्यात ‘उपवास करून’ हे शब्द आहेत, हे लक्षात घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन रक्तातील साखर खाली आणते. तिच्या मागोमाग अन्न पोटात जाईल, असे गृहीत धरलेले असते. समजा, एका गृहस्थांनी ‘उपवास’ म्हणजे काहीही न खाणे असा अर्थ घेतला आणि ‘औषधे घेऊन’ म्हणजे औषधे खाऊन असा अर्थ घेतला. सकाळी सहाला त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली, काही खाल्ले नाही आणि ते रांगेत उभे राहिले. त्यांचा क्रमांक नऊला आला. या वेळात त्यांची रक्तशर्करा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी रक्तशर्करा ही कमी मानली जाते. अशा वेळी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, बोलणे असंबद्ध होते आणि माणूस कोसळूही शकतो. वृद्धांमध्ये सुरुवातीची लक्षणे कधी कधी ठळक नसतात. नुसता गोंधळलेपणा दिसतो आणि तो वयाचा परिणाम समजून दुर्लक्षिला जातो. हा धोका दोन सैल शब्दांतून निर्माण झाला आहे.

याच्या उलट चूकही घडते. ‘उपाशी यायचे आहे, म्हणजे गोळ्याही घ्यायच्या नाहीत’ असे समजून काहीजण रक्तदाबाची गोळी चुकवतात. मग शिबिरात त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळतो आणि चालू असलेले औषध पुरेसे पडत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

म्हणून औषधांविषयी लिहिताना दोन नियम पाळावेत. पहिला नियम असा की, ‘घेऊन’ हे रूप या भागात वापरूच नये. सेवनासाठी ‘पाण्याबरोबर घ्यावी’ आणि जवळ बाळगण्यासाठी ‘सोबत आणावी’ असे वेगवेगळे शब्द वापरावेत. दुसरा नियम असा की, प्रत्येक प्रकारच्या औषधासाठी स्वतंत्र वाक्य लिहावे. सर्वसाधारणपणे रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यायला सांगतात आणि मधुमेहाचे सकाळचे औषध रक्त दिल्यानंतर, नाश्त्याच्या वेळी घ्यायला सांगतात. परंतु कोणते औषध केव्हा घ्यावे, हे ठरवणे पत्रलेखकाचे काम नाही. औषधांविषयीचे प्रत्येक वाक्य शिबिरातील डॉक्टरांना वाचून दाखवावे, त्यांची संमती घ्यावी आणि मगच पत्र फलकावर लावावे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे, असेही एक वाक्य पत्रात असावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘औषधे घेऊन यावे’ या वाक्याचे दोन अर्थ लिहा आणि प्रत्येक अर्थासाठी संदिग्धता नसलेले वाक्य तयार करा.
(आ) रक्ततपासणीच्या सूचनेत ‘उपवास’ हा शब्द का टाळावा?

६.३.४ वेळ कशी लिहावी

मसुद्यात ‘येत्या रविवारी सकाळी’ असे आहे. हा कागद गुरुवारी लागला आणि एखाद्याने तो रविवारी संध्याकाळी वाचला, तर ‘येता रविवार’ आठ दिवस पुढे सरकतो. ‘उद्या’ हा शब्दही फलकावर रोज नवा होत राहतो. ‘परवा’ हा शब्द तर मराठीत मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांनी जातो. म्हणून वार, दिनांक, महिना आणि वर्ष या चारही गोष्टी लिहाव्यात. वार आणि दिनांक एकमेकांशी जुळतात का, हे दिनदर्शिका समोर ठेवून तपासावे. यांपैकी एक चुकला तर निम्मे वाचक वार धरतात आणि निम्मे दिनांक धरतात.

दिनदर्शिका पाहण्याचे आणखी एक कारण आहे. शिबिर एकादशीला ठेवले तर उपवास करणाऱ्यांची नाश्त्याची अडचण होते. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी ठेवले तर चंद्रोदयानंतर उशिरा जेवलेल्यांचे तास भरत नाहीत. कोजागरीच्या दुसऱ्या सकाळी ठेवले तर मध्यरात्री आटीव दूध प्यायलेल्या सर्वांचेच अहवाल बिघडतात.

‘सकाळी’ या शब्दाने तर काहीच कळत नाही. अनशापोटी असलेल्या वृद्धाला किती वेळ थांबावे लागेल, हे वेळेच्या मजकुरावर अवलंबून असते. त्यासाठी लिहिण्यापूर्वी थोडा हिशेब करावा लागतो. समजा, घरोघरी चौकशी केल्यावर ४० ज्येष्ठ येणार असे कळले. नाव नोंदवणे, शीर शोधणे, रक्त काढणे आणि नळीवर चिठ्ठी लावणे याला दर माणशी सुमारे पाच मिनिटे धरली, तर एका टेबलावर तासाला १२ जणांचे काम होते. एकच टेबल असेल तर ४० जणांना तीन तास वीस मिनिटे लागतील. सात वाजता काम सुरू झाले तर शेवटच्या व्यक्तीचा क्रमांक दहाच्या पुढे येईल. आदल्या रात्री नऊला जेवलेल्या त्या व्यक्तीचे पोट तोपर्यंत तेरा तास रिकामे राहिलेले असेल. दोन टेबले ठेवली तर तेच काम एक तास चाळीस मिनिटांत, म्हणजे ८.४० पर्यंत संपते.

दोन टेबलांवर अर्ध्या तासात १२ जण होतात. याचा उपयोग करून पत्रात सर्वांना एकच वेळ न देता अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट द्यावेत. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना सर्वांत आधी, सात वाजता बोलवावे. त्यांची संख्या १२ असेल, तर साडेसातपर्यंत ते मोकळे होतात. उरलेल्या २८ जणांना विंगनुसार पुढचे गट द्यावेत. गट देताना मधुमेहींची नावे मात्र फलकावर लावू नयेत. आजार ही खासगी बाब आहे. ‘मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी, विंग कोणतीही असो, ७ वाजता यावे’ एवढे वाक्य पुरते.

जेवणानंतरची रक्तशर्करा तपासायची असेल, तर वेळेचा आणखी एक मुद्दा येतो. ‘नाश्त्यानंतर दोन तासांनी यावे’ असे लिहिले की काहीजण नाश्ता संपल्यापासून तास मोजतात. हे दोन तास पहिला घास घेतल्यापासून मोजायचे असतात. त्यामुळे ‘नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी’ असे लिहावे आणि त्यापुढे उदाहरण द्यावे : ‘७.४५ ला नाश्ता सुरू केला असेल तर ९.४५ ला यावे.’

वेळ पाळण्याविषयीचे वाक्यही पाहा. ‘उशिरा येणाऱ्यांची तपासणी केली जाणार नाही’ ही धमकी आहे. गुडघेदुखीमुळे जिना सावकाश उतरणारा माणूस हे वाचून येण्याचेच टाळील. ‘दिलेल्या वेळी आल्यास फार वेळ थांबावे लागणार नाही’ असे लिहिले तर तोच हेतू साधतो आणि वेळ पाळण्याचे कारणही कळते.

६.३.५ सोबत काय आणावे

‘आवश्यक ती कागदपत्रे’ असे लिहिणाऱ्याला ती कोणती हे माहीत असते, पण वाचणाऱ्याला माहीत नसते. परिणामी काहीजण रिकाम्या हाताने येतात आणि काहीजण सदनिकेच्या कागदांसह सगळी पिशवी आणतात. प्रत्येक वस्तू नावाने लिहावी आणि शक्य तेथे तिचे कारण द्यावे. कारण कळले की वस्तू विसरली जात नाही.

चालू औषधांच्या बाबतीत ‘औषधांची यादी’ मागण्यापेक्षा ‘गोळ्यांची पाकिटे आहेत तशी’ मागावीत. हाताने लिहिलेल्या यादीत नाव चुकते आणि मात्रा राहून जाते. पाकिटावर नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही छापलेले असतात. मात्र गोळ्या प्लास्टिकच्या डबीत काढून आणल्या तर त्या ओळखता येत नाहीत, म्हणून ‘पाकिटातून बाहेर न काढता’ हे शब्द घालावेत. डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि मागील वर्षभरातील अहवाल असल्यास आणावेत, कारण आजच्या आकड्याची तुलना मागच्या आकड्याशी केल्यावरच त्याला अर्थ येतो. चष्मा आणि श्रवणयंत्र यांचा उल्लेख आवर्जून करावा. डॉक्टरांचा प्रश्न ऐकू आला नाही, तर दिलेले उत्तर भलतेच असते. रक्तदाब मोजण्यासाठी दंडावर पट्टा बांधावा लागतो, म्हणून सैल बाह्यांचे कपडे घालावेत, हेही लिहावे.

काय आणू नये, हेसुद्धा या भागात सांगावे. शिबिराच्या निमित्ताने ज्येष्ठांची फसवणूक होऊ शकते. ‘शिबिरात पैसे, बँकेची माहिती किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला जाणार नाही’ हे वाक्य पत्रात असले की, नंतर कोणी संस्थेच्या नावाने दूरध्वनी केला तर ज्येष्ठ सावध राहतात.

आता ‘मोफत’ आणि ‘सर्वरोग निदान’ या शब्दांकडे वळू. तपासणी, निदान आणि उपचार हे तीन वेगळे शब्द आहेत. तपासणीत आकडा मिळतो. तो आकडा, लक्षणे आणि पुढील चाचण्या यांवरून डॉक्टर निदान करतात. निदान झाल्यावर उपचार सुरू होतो. सभागृहात एका सकाळी होते ती प्राथमिक तपासणी असते. रक्तदाब एकदा वाढलेला आढळला म्हणून लगेच रक्तदाबाचा आजार ठरत नाही. तो पुन्हा मोजून पाहावा लागतो. ‘सर्वरोग निदान’ असे वाचलेल्या माणसाला अहवालात काही आढळले नाही, तर आपल्याला कोणताच रोग नाही असे वाटते आणि हृदयाची किंवा डोळ्यांची तपासणी तो पुढे ढकलतो. म्हणून कोणत्या तपासण्या होणार, त्यांची नावे द्यावीत. कोणत्या गोष्टी मोफत आहेत आणि कोणत्या नाहीत, हेही त्याच जागी स्पष्ट करावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘तपासणी’, ‘निदान’ आणि ‘उपचार’ यांतील फरक सांगा.
(आ) तीस ज्येष्ठ, दोन टेबले आणि दर माणशी पाच मिनिटे असे धरल्यास, सकाळी ७ ला सुरू झालेले रक्तसंकलन किती वाजता संपेल?

६.३.६ सुधारित मसुदा

वरील सर्व मुद्दे लक्षात घेऊन तोच मजकूर आता पुढीलप्रमाणे लिहिता येईल. यातील औषधांविषयीची वाक्ये शिबिरातील डॉक्टरांना दाखवून घेतली आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

अ. ब. क. सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे
दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

ज्येष्ठ रहिवाशांसाठी मोफत आरोग्य तपासणी

आदरणीय ज्येष्ठ रहिवासी बंधू-भगिनींनो,
सप्रेम नमस्कार.

रविवार, दिनांक ५ ऑक्टोबर २०२५ रोजी संस्थेने तळमजल्यावरील सभागृहात आरोग्य तपासणी शिबिर आयोजित केले आहे. वयाची ६० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व रहिवाशांना आग्रहाचे निमंत्रण आहे. सभासद नसलेले कुटुंबीय आणि भाडेकरू यांनीही अवश्य यावे.

कोणत्या तपासण्या होतील : रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन आणि डॉक्टरांचा सल्ला. या सर्व मोफत आहेत. डॉक्टरांनी पुढे सुचवलेल्या चाचण्या आणि औषधे यांचा खर्च यात धरलेला नाही.

रक्त देण्याची वेळ :
मधुमेहाचे औषध घेणारे (कोणतीही विंग) – सकाळी ७.००
ए विंग – सकाळी ७.३०
बी विंग – सकाळी ८.००
सी विंग – सकाळी ८.३०
आपल्या वेळी आल्यास फार वेळ थांबावे लागणार नाही.

रक्तदाब, वजन आणि डॉक्टरांची भेट : सकाळी ९ ते ११. त्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये.
मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावे. (उदा. ७.४५ ला नाश्ता सुरू केल्यास ९.४५ ला.)

येण्यापूर्वी :
१. अनशापोटी यावे. शनिवारी (४ ऑक्टोबर) रात्री ९ नंतर काही खाऊ नये. चहा, दूध, कॉफी घेऊ नये. साधे पाणी प्यावे.
२. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यावी.
३. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घरी घेऊ नये. ते सोबत आणावे आणि रक्त दिल्यानंतर, नाश्त्याच्या वेळी घ्यावे. नाश्त्याची सोय सभागृहात आहे.
४. शंका असल्यास आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी विचारावे.
५. घाम, थरथर किंवा चक्कर जाणवल्यास रांगेत न थांबता लगेच स्वयंसेवकांना सांगावे.

सोबत आणावे :
१. चालू गोळ्यांची पाकिटे (गोळ्या बाहेर न काढता).
२. डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि मागील वर्षाचे अहवाल, असल्यास.
३. चष्मा, श्रवणयंत्र, काठी.
सैल बाह्यांचे कपडे घालावेत. शक्य असल्यास घरातील एका व्यक्तीने सोबत यावे.

शिबिरात पैसे, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागितला जाणार नाही. अहवाल बुधवार, ८ ऑक्टोबर रोजी सायंकाळी ५ ते ७ या वेळात संस्थेच्या कार्यालयात बंद पाकिटात मिळेल.

नावनोंदणी बुधवार, १ ऑक्टोबरपर्यंत कार्यालयात किंवा दूरध्वनीवर (क्रमांक : ________) करावी. खाली येणे शक्य नसल्यास तसे कळवावे, म्हणजे चाकांच्या खुर्चीची व्यवस्था करता येईल.

आपला,
सचिव

हा मसुदा पहिल्यापेक्षा बराच लांब आहे, परंतु वाचायला सोपा आहे. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ओळीत आली आहे आणि कोणतेही वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागत नाही. पाचव्या सूचनेला यात विशेष महत्त्व आहे. एवढी काळजी घेऊनही एखादी व्यक्ती औषध घेऊन, उपाशीपोटी येऊ शकते. त्या प्रसंगी काय करायचे, हे पत्रानेच सांगितले आहे. आयोजकांनीही साखर किंवा ग्लुकोजची पूड हाताशी ठेवावी.

फलकावरील प्रत किमान १६ ते १८ बिंदूंच्या ठळक अक्षरांत छापावी. ओळींमध्ये मोकळी जागा सोडावी आणि कागद बसक्या किंवा वाकलेल्या व्यक्तीच्याही नजरेच्या टप्प्यात येईल अशा उंचीवर लावावा. ‘येण्यापूर्वी’ आणि ‘सोबत आणावे’ हे दोन भाग वेगळ्या चिठ्ठीवर छापून शनिवारी संध्याकाळी घरोघरी दिल्यास ते ऐनवेळी डोळ्यांसमोर राहतात. मोबाइलवरील गटात फक्त चित्र टाकल्यास ते अनेकांना मोठे करून वाचता येत नाही. त्यासोबत साधा मजकूरही पाठवावा.

६.४ सारांश

आरोग्य शिबिराच्या पत्रात निमंत्रणाचे आर्जव आणि सूचनेचा नेमकेपणा एकत्र यावे लागतात. ‘सभासद’ या शब्दाने काही ज्येष्ठ वगळले जातात, ‘उपवास’ या शब्दाने अहवाल बिघडू शकतो आणि ‘औषधे घेऊन’ या रचनेतून मधुमेही व्यक्तीला प्रत्यक्ष धोका संभवतो. वेळ लिहिण्यापूर्वी माणसे, टेबले आणि मिनिटे यांचा हिशेब करावा, तसेच वार व दिनांक पडताळून पाहावेत. सोबत आणावयाच्या वस्तू नावानिशी द्याव्यात. औषधांविषयीचा मजकूर डॉक्टरांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये.

६.५ शब्दार्थ

अनशापोटी – काही खाल्लेले नसताना, रिकाम्या पोटी.
विध्यर्थ – कर्तव्य, अपेक्षा, इच्छा इत्यादी सुचवणारे क्रियापदाचे रूप (उदा. यावे, आणावे).
संदिग्धता – एकाहून अधिक अर्थ संभवत असल्यामुळे येणारी अनिश्चितता.
रक्तशर्करा – रक्तातील साखरेचे प्रमाण.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) पहिला अर्थ : औषधे जवळ बाळगून यावे – ‘औषधांची पाकिटे सोबत आणावी.’ दुसरा अर्थ : औषधे सेवन करून यावे – ‘येण्यापूर्वी गोळी पाण्याबरोबर घ्यावी.’
१ (आ) मराठी व्यवहारात उपवासाला साबुदाणा, रताळे, फळे, दूध असे पदार्थ चालतात. त्यामुळे वाचक ते खाऊन येण्याची आणि रक्तशर्करेचा अहवाल चुकीचा येण्याची शक्यता असते.
२ (अ) तपासणीत मोजमाप मिळते, मोजमाप व लक्षणांवरून डॉक्टर रोग ठरवतात ते निदान, आणि निदानानंतर रोगावर केली जाणारी योजना म्हणजे उपचार.
२ (आ) प्रत्येक टेबलावर १५ जण येतील. १५ जणांना ७५ मिनिटे लागतील, म्हणून काम सकाळी ८.१५ ला संपेल.

६.७ स्वाध्याय

१. पुढील वाक्यातील संदिग्ध जागा दाखवा आणि ते पुन्हा लिहा : ‘परवा सकाळी डोळे तपासणी असून सर्वांनी चष्मा काढून व थेंब घेऊन यावे.’
२. तुमच्या वस्तीतील ज्येष्ठांसाठी रक्तदाब व वजन तपासणीचे निमंत्रणपत्र १५० शब्दांत लिहा. या तपासणीसाठी अनशापोटी येण्याची गरज नाही, हेही त्यात स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : जवळच्या सूचनाफलकावरील एक सूचना उतरवून घ्या. ती सत्तर वर्षांवरील एका व्यक्तीला वाचायला द्या आणि तिला काय समजले, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मूळ हेतू आणि लागलेला अर्थ यांत जेथे फरक आढळेल, तेथील शब्द अधोरेखित करून सूचना पुन्हा लिहा.